प्रत्येक वाक्य खरं, जाहिरात मात्र दिशाभूल करणारी: एचएसबीसीच्या दोन फलकांचं प्रकरण

ग्रीनवॉशिंगवर, म्हणजे कंपन्या स्वतःची पर्यावरणस्नेही अशी जी फसवी प्रतिमा उभी करतात तिच्यावर, पेपर लिहायला घेतला की बहुतेकांना आधी सापडतात ती सरळ खोटेपणाची उदाहरणं. कंपनीने आकडे फुगवले, चाचणीत फसवलं, नसलेलं प्रमाणपत्र छापलं. ती प्रकरणं गंभीर आहेत, पण संज्ञापनाच्या नीतीच्या दृष्टीने त्यांत चर्चेला फारसं काही उरत नाही. खोटं बोलू नये, एवढं म्हटलं की विषय संपतो. खरी अडचण तिथे सुरू होते जिथे जाहिरातीतलं एकही वाक्य खोटं ठरवता येत नाही आणि तरी ती वाचणाऱ्याच्या मनात चुकीचं चित्र उभं राहतं. त्यासाठी २०२१-२२ मधलं एचएसबीसी या बँकेचं ब्रिटनमधलं प्रकरण मला सर्वांत उपयोगी वाटतं. त्यात खोटा आकडा नाही, लपवलेला कागद नाही. आहे ती फक्त निवड: काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही.

फलकांवर काय होतं

ऑक्टोबर २०२१ मध्ये लंडन आणि ब्रिस्टलच्या रस्त्यांवर एचएसबीसीचे दोन फलक लागले. ग्लासगोची हवामान परिषद, म्हणजे कॉप-२६, तेव्हा काही आठवड्यांवर आली होती आणि ब्रिटनमध्ये सगळीकडे हवामान बदलाचीच चर्चा होती.

पहिल्या फलकावर किनाऱ्यावर आदळणाऱ्या लाटांचं चित्र होतं. मजकुराचा आशय असा: हवामान बदल देशांच्या सीमा मानत नाही, समुद्राची वाढती पातळीही मानत नाही, म्हणून आमच्या ग्राहकांना नेट झिरोकडे, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच हवेतून काढून घेण्याच्या स्थितीकडे, जाता यावं यासाठी जगभरात एक लाख कोटी डॉलरपर्यंत कर्ज आणि गुंतवणूक उपलब्ध करून देण्याचं आमचं उद्दिष्ट आहे. दुसऱ्या फलकावर झाडाच्या खोडातली वाढीची वर्तुळं दाखवली होती. सुरुवातीचं वाक्य तेच, आणि पुढे: ब्रिटनमध्ये आम्ही २० लाख झाडं लावायला मदत करतो आहोत, ती आपल्या आयुष्यभरात साडेबारा लाख टन कार्बन साठवून ठेवतील.

ब्रिटनमधल्या जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटीकडे (एएसए) या फलकांविरुद्ध ४५ तक्रारी आल्या. तक्रारदारांचं म्हणणं असं नव्हतं की झाडं लावलीच जात नाहीत किंवा एक लाख कोटींचं उद्दिष्टच नाही. त्यांचा मुद्दा एवढाच होता की हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात बँकेचा स्वतःचा वाटा किती, ही महत्त्वाची माहिती जाहिरातीने गाळली आणि त्यामुळे ती दिशाभूल करणारी ठरते.

बँकेची बाजू

ही बाजू घाईने झटकू नये. बँकेचं म्हणणं थोडक्यात असं: झाडं आणि वित्तपुरवठा हे दोन्ही ठोस उपक्रम आहेत, त्यांचे तपशील उपलब्ध आहेत, आणि फलक त्या उपक्रमांपुरतंच बोलतात. शिवाय जास्त उत्सर्जन करणाऱ्या उद्योगांना बदलायचं असेल तर पैसा लागणार, तो कोणीतरी द्यायला हवा, आणि हे लोकांनाही ठाऊक असतं.

यातला शेवटचा मुद्दा खरा आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. पोलाद कारखान्याला भट्टी बदलायला कर्ज हवं असेल तर ते देणाऱ्या बँकेच्या हिशेबात त्या कारखान्याचं उत्सर्जन दिसणारच. ज्या बँकेने असे सगळे ग्राहक सोडून दिले तिचा आकडा लगेच कमी होईल, पण कारखान्याची चिमणी तशीच धूर सोडत राहील, कारण दुसरी बँक कर्ज देईल. म्हणून 'प्रदूषण करणाऱ्याला पैसा देते, म्हणजे बँक ढोंगी' असं एका ओळीत लिहिणारा पेपर कच्चा राहतो. हे प्रकरण बँकेने पैसा द्यावा की नाही याचं नाही. फलक वाचणाऱ्याला काय समजलं, याचं आहे.

निर्णय

१९ ऑक्टोबर २०२२ रोजी एएसएचा निर्णय आला. तक्रारी ग्राह्य धरल्या गेल्या. निर्णयामागचा विचार तीन पायऱ्यांत उलगडतो आणि हीच मांडणी कुठल्याही पर्यावरणीय दाव्याला लावता येते.

एएसएने पहिल्यांदा विचारलं, सामान्य वाचकाला यातून काय कळेल? उत्तर असं की ही बँक एकूणच पर्यावरणाच्या बाजूने काम करते आहे आणि करत राहणार आहे. फलकावर हे वाक्य कुठेही नाही. पण सुरुवातीला हवामान बदलाचं संकट, लगेच 'म्हणून आम्ही', सोबत लाटा आणि झाडाचं खोड, परिषदेच्या तोंडावरची वेळ, हे सगळं एकत्र आल्यावर वाचक ते वाक्य स्वतःच पूर्ण करतो. पुढचा प्रश्न, हे न लिहिलेलं वाक्य खरं आहे का? इथे एएसएने बँकेच्याच वार्षिक अहवालाकडे पाहिलं. बँकेने ज्या तेल आणि वायू कंपन्यांना पैसा पुरवला त्यांच्याद्वारे होणारं, बँकेच्या वाट्याला येणारं उत्सर्जन वर्षाला सुमारे ६ कोटी ५३ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतकं होतं. हा आकडा फक्त तेल आणि वायू क्षेत्राचा. शिवाय औष्णिक कोळशाच्या खाणी आणि कोळशावरची वीजनिर्मिती यांना काही प्रमाणात २०४० पर्यंत पैसा पुरवत राहण्याचं बँकेचं धोरण होतं. शेवटचा प्रश्न, ही माहिती आधी कळली असती तर वाचकाचं मत बदललं असतं का? एएसएच्या मते होय. असा बिनशर्त दावा करणारी बँक त्याच वेळी, आणि पुढची कित्येक वर्षं, मोठं उत्सर्जन करणाऱ्या धंद्यांना पैसा देत असेल अशी अपेक्षा सामान्य वाचक करत नाही. म्हणून गाळलेली माहिती महत्त्वाची ठरली.

आदेश असा होता: या फलकांची जाहिरात याच स्वरूपात पुन्हा करायची नाही, आणि यापुढे पर्यावरणाबद्दल दावा करताना उत्सर्जनातला स्वतःचा वाटा गाळायचा नाही.

बाजारातली स्पर्धा आणि ग्राहकांचं हित यांवर लक्ष ठेवणाऱ्या ब्रिटनच्या कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीने हरित दाव्यांची संहिता सप्टेंबर २०२१ मध्ये, म्हणजे हे फलक लागण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, जाहीर केली होती. महत्त्वाची संबंधित माहिती गाळू किंवा लपवू नये, असं तिच्यात स्पष्ट म्हटलेलं आहे. तेव्हा हा नियम कुणालाच ठाऊक नव्हता असं म्हणता येत नाही.

आकडे शेजारी ठेवून बघू

निर्णयाचा मजकूर वाचून बरेचजण इथेच थांबतात. पण खरी समज हिशेब मांडल्यावर येते, आणि तो कागद-पेन्सिलीने होतो.

झाडांचा आकडा साडेबारा लाख टन. तेल-वायूचा आकडा वर्षाला ६ कोटी ५३ लाख टन. दुसऱ्या आकड्याला ३६५ ने भागलं तर दिवसाला साधारण १ लाख ७९ हजार टन येतात. साडेबारा लाखाला त्याने भागलं की उत्तर येतं सात. म्हणजे २० लाख झाडं आपल्या अख्ख्या आयुष्यात जेवढं साठवतील, तेवढं उत्सर्जन बँकेच्या एका क्षेत्रातल्या वित्तपुरवठ्याच्या वाट्याला सात दिवसांत येतं.

आता या गणितावरही शंका घ्यायला हवी. फलकावर शब्द होता 'कार्बन'. तो कार्बन या मूलद्रव्याचा अर्थ आहे की कार्बन डायऑक्साइडचा, हे फलकावरून कळत नाही. फरक मोठा आहे: एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड, कारण कार्बनचा अणुभार १२ आहे आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणूभार ४४. बँकेच्या जास्तीत जास्त सोयीचा अर्थ घेतला, म्हणजे फलकावरचा आकडा शुद्ध कार्बनचा मानला, तरी झाडांचा साठा सुमारे ४६ लाख टन कार्बन डायऑक्साइड होतो आणि सात दिवसांचे साडेपंचवीस दिवस होतात. महिना काही भरत नाही. दोन्ही अर्थांनी गणित करून दाखवलं की पेपरमधला निष्कर्ष पक्का होतो. वाचकाला 'तुम्ही सोयीचा अर्थ घेतलात' असं म्हणायला जागा राहत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. 'आयुष्यभरात' हा शब्द फलकावर होता, त्यामुळे तो खोटा नाही. पण रोप पहिल्या वर्षांत फार थोडा कार्बन धरतं. मोठा साठा होतो तो झाड वाढल्यावर, कित्येक दशकांनी. त्यासाठी रोप जगायला हवं, आगीत किंवा रोगात जाता कामा नये, आणि कुणी तोडताही कामा नये. समोरचं उत्सर्जन मात्र याच वर्षी हवेत जातं. दशकांनंतर मिळणारा फायदा फलकावर मांडला आणि आज होणारं नुकसान गाळलं की दिशाभूल व्हायला वेगळ्या खोट्याची गरज उरत नाही. साडेबारा लाख टन भागिले २० लाख झाडं, म्हणजे झाडामागे ६२५ किलो. हा भागाकार केला की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात: किती वर्षांत, कोणती जात, आणि रोपांपैकी किती जगतील असं धरून?

बँकेचं उत्सर्जन म्हणजे नेमकं काय

बँकेला चिमणी नसते. मग ६ कोटी ५३ लाख टन 'बँकेचे' कसे? इथे विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त गडबड होते, म्हणून थोडं थांबून सांगते.

हरितगृह वायूंचा हिशेब तीन कक्षांत मांडतात. स्वतःच्या जागेत इंधन जाळून होतं ते पहिल्या कक्षेत, विकत घेतलेल्या विजेमुळे होतं ते दुसऱ्या कक्षेत, आणि पुरवठादार, ग्राहक, गुंतवणूक अशा साखळीत इतरत्र होतं ते तिसऱ्या कक्षेत. बँकेच्या कार्यालयांतले दिवे आणि वातानुकूलन पहिल्या दोन कक्षांत बसतं आणि ते तुलनेने अगदी किरकोळ असतं. खरा भार तिसऱ्या कक्षेत, कर्ज आणि गुंतवणुकीच्या रकान्यात असतो. त्यामुळे एखादी बँक 'आमचं कामकाज नेट झिरो' म्हणते तेव्हा ती कोणत्या कक्षेबद्दल बोलते आहे, हे आधी बघायचं. पहिल्या दोनच कक्षांबद्दल बोलत असेल तर वाक्य खरं असूनही मूळ विषय त्यात आलेलाच नसतो.

कर्जामागचं उत्सर्जन मोजायची रूढ पद्धत साधी आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या शेअरचं बाजारमूल्य आणि तिच्यावरचं एकूण कर्ज यांची बेरीज घ्यायची. बँकेने दिलेला पैसा त्या बेरजेच्या किती टक्के आहे ते काढायचं. तेवढे टक्के उत्सर्जन बँकेच्या नावावर. समजा एका तेल कंपनीची ही बेरीज १०,००० कोटी आहे, बँकेने ५०० कोटी दिलेत आणि कंपनीचं वर्षाचं उत्सर्जन २० लाख टन आहे. बँकेचा वाटा ५ टक्के, म्हणजे १ लाख टन.

आता याच उदाहरणात कंपनीच्या शेअरचा भाव चढला आणि बेरीज १२,५०० कोटी झाली असं धरू. कर्ज तेच, विहिरी त्याच, उत्सर्जन तेच. बँकेचा वाटा मात्र ४ टक्क्यांवर, म्हणजे ८० हजार टनांवर आला. कागदावर २० टक्के घट झाली आणि हवेत एक किलोसुद्धा कमी झाला नाही. म्हणून बँकेने 'आमचं वित्तपुरवठ्यामागचं उत्सर्जन इतकं घटलं' असा दावा केला तर पेपरमध्ये विचारायचा पहिला प्रश्न हा: ग्राहकांचं उत्सर्जन घटलं, कर्ज घटलं, की फक्त बाजारमूल्य वाढलं? चांगल्या अहवालात हे तीन भाग वेगळे दाखवलेले असतात. ते नसतील तर तसं नोंदवावं. शिवाय बँक कंपनीला स्वतः कर्ज न देता तिचे रोखे बाजारात विकून देते, तोही पैसा उभारण्याचाच मार्ग आहे, आणि तो हिशेबात धरला आहे की नाही हे तळटीपेत शोधावं लागतं.

या मर्यादा असूनही आकडा निरुपयोगी होत नाही. सात दिवस की साडेपंचवीस दिवस, यात फरक पडू शकतो. दोन्ही बाजू एकाच मापाच्या आहेत असं म्हणण्याइतका फरक पडत नाही.

नीतीचा प्रश्न नेमका कुठे

भाषेचे तत्त्वज्ञ ग्राइस यांनी संभाषणातल्या ध्वनित अर्थाबद्दल मांडलेला विचार इथे थेट लागू पडतो. बोलणारा प्रसंगाला आवश्यक तेवढी माहिती देतो आहे, असं ऐकणारा धरून चालतो. या विश्वासावरच न बोललेला अर्थ पोहोचतो. बँक हवामान बदलाचा विषय स्वतःहून काढते आणि मग आपलं काम सांगते, तेव्हा या विषयावर तिच्याबद्दल सांगण्यासारखं जे मुख्य आहे ते तिने सांगितलं, असं वाचक समजतो. गाळणूक याच विश्वासाचा फायदा घेते. म्हणून 'आम्ही खोटं काही बोललो नाही' हा बचाव मला पुरेसा वाटत नाही. जाहिरातीचा मजकूर शब्दाशब्दाने तोलून लिहिणाऱ्यांना वाचकाच्या मनात काय उमटणार हे माहीत असतं; तेच तर त्यांचं काम असतं.

पण फलकावर जागा किती असते, हा आक्षेप येतो. पस्तीस-चाळीस शब्दांत तिसऱ्या कक्षेचा हिशेब कुठे मांडणार? माझं उत्तर असं आहे की जागा अपुरी असेल तर दावा लहान करावा. झाडांच्या फलकावरचं पहिलं वाक्य आणि कार्बनचा आकडा काढून टाका. उरतं: ब्रिटनमध्ये २० लाख झाडं लावायला आम्ही मदत करतो आहोत. ही एका उपक्रमाची माहिती झाली. बँकेच्या हवामानविषयक एकूण भूमिकेबद्दल ते काहीच ध्वनित करत नाही, निदान फार कमी करतं. पहिल्या फलकाचं मात्र असं होत नाही. तिथे दावाच धंद्याच्या गाभ्याबद्दल, वित्तपुरवठ्याबद्दल आहे. तिथे 'तेल, वायू आणि कोळसा क्षेत्रांनाही आम्ही पैसा पुरवतो' एवढं तरी त्याच फलकावर, त्याच अक्षरांच्या आकारात यायला हवं होतं. संकेतस्थळावर तपशील दिलेत हे उत्तर चालत नाही, कारण रस्त्यावरून जाणारा माणूस फलकावर जे दिसतं त्यावरून मत बनवतो. पुढे जाऊन वार्षिक अहवाल उघडणारे कितीसे असणार?

याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. असे निर्णय आले की काही कंपन्या पर्यावरणाबद्दल बोलणंच बंद करतात, चाललेली चांगली कामंसुद्धा सांगत नाहीत. हे नुकसान खरं आहे. तरीही मी एएसएच्या बाजूने आहे, कारण आदेश गप्प बसण्याचा नव्हता, पुरतं सांगण्याचा होता.

पेपरमध्ये हे कसं मांडावं

स्वतःचं प्रकरण निवडलंत तर जाहिरातीची मूळ प्रत मिळवा, तिच्याबद्दलच्या बातम्यांवर विसंबू नका. बातमीत चित्र गळतं, क्रम बदलतो, आणि ध्वनित अर्थ तर चित्र आणि क्रमातूनच तयार होतो. मग दोन वाक्यं लिहा: जाहिरातीने काय म्हटलं, आणि वाचक काय समजेल. दुसरं वाक्य एकट्याने ठरवू नका. विषयाशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना जाहिरात दाखवून त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. त्यानंतर कंपनीच्या अहवालातून दुसऱ्या वाक्याची तपासणी करा, पहिल्याची नव्हे. तिथे एकक, कालावधी आणि कक्षा या तीन गोष्टी न जुळण्याची शक्यता जास्त, म्हणून तुलना करण्याआधी तिन्ही एका रेषेत आणा.

भविष्यातल्या उद्दिष्टाचा दावा असेल तर काम जास्त अवघड. 'उद्दिष्ट आहे' हे वाक्य बोललं त्या दिवशी खरं असू शकतं. तपासायचं ते हे: मधले टप्पे दिलेत का, कोणतं आधारवर्ष धरलंय, उद्दिष्ट हुकलं तर काय होईल, आणि ते बदललं तर ते कुठे सांगितलं जाईल. एचएसबीसीच्याच बाबतीत पुढे दोन्ही दिशांनी घडामोडी झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेने नव्या तेल आणि वायू क्षेत्रांच्या विकासाला थेट पैसा देणं थांबवणार असल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वतःचं कामकाज आणि पुरवठा साखळी नेट झिरो करण्याची २०३० ची मुदत २०५० वर नेली, आणि जुलै २०२५ मध्ये बँकांच्या नेट झिरो आघाडीतून बाहेर पडली. हे निर्णय बरोबर की चूक, हा वेगळा विषय. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये फलक वाचणाऱ्यापर्यंत या बदलांची बातमी त्याच रस्त्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत कुणी पोहोचवलेली नाही.

एएसएला दंड करण्याचा अधिकार नाही. फलक लागले ऑक्टोबर २०२१ मध्ये, ते पुन्हा लावू नका असा आदेश आला ऑक्टोबर २०२२ मध्ये. परिषदेच्या तोंडावर साधायचा होता तो परिणाम तोवर साधून झाला होता. ही एक वर्षाची दरी कशी भरायची, जाहिरात लागण्याआधी तपासणी सक्तीची करायची की नंतरची दुरुस्ती मूळ जाहिरातीइतकीच ठळक छापायला लावायची, यावर नियामकांमध्ये आणि जाहिरात क्षेत्रात एकमत नाही. मला दुसरा मार्ग जास्त व्यवहार्य वाटतो: त्याच शहरांत, त्याच जागांवर, तेवढेच दिवस दुरुस्तीचा फलक, कंपनीच्या खर्चाने.